‘हे एआयने लिहिलंय’ म्हणाले तर?

कॉलेज करता करता कंटेंट रायटिंग, भाषांतर, स्क्रिप्ट अशी कामं घेणारे आता बरेच जण आहेत. त्यांना हल्ली एक नवाच मेल येऊ शकतो : ‘तुमचा लेख डिटेक्टरवर ७८ टक्के एआय दाखवतोय, पेमेंट थांबवलंय.’ लेख स्वतः रात्र जागून लिहिलेला असला, तरीही!

डिटेक्टरचा आकडा म्हणजे अंदाज असतो, पुरावा नव्हे. साधं, नीटनेटकं लिहिणारा माणूसही त्यात सापडतो. ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर तो यंत्राचा ठरवत होता, हे कंपनीनेच सांगितलं होतं. पण एवढं ऐकवून क्लायंट पैसे सोडत नाही. त्याच्यासमोर काहीतरी ठेवावं लागतं.

समजा, कांद्याच्या चाळीवर बाराशे शब्दांचा लेख आहे. सोमवारी वहीत पाच मुद्दे काढले, त्या पानाचा फोटो स्वतःलाच मेल केला. मंगळवारी एका शेतकऱ्याशी फोनवर बोलून टिपणं घेतली : चाळ जमिनीपासून उंच का, हवा खालून कशी खेळते. बुधवारी पहिला खर्डा झाला दीड हजार शब्दांचा. गुरुवारी बाजारभावाचा अख्खा परिच्छेद उडवला, कारण विषय भरकटत होता. हा उडवलेला परिच्छेद जपून ठेवा. गुगल डॉक्समध्ये `File > Version history > See version history` उघडलं की लेख कसा वाढला, कुठे कापला गेला, ते वेळेसकट दिसतं.

अर्थात, दुसरीकडचं बघून टाइप करणाऱ्याचीही हिस्टरी तयार होतेच. म्हणून ती एकटी पुरत नाही, सोबत टिपणं लागतात. (ती दाखवताना शेतकऱ्याचा नंबर मात्र झाका.) स्वतःला मेल का करायचं? कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेऊन फाइलची तारीख बदलता येते. मेलवरची वेळ सर्व्हरकडून येते.

गोची होते ती वेगळ्याच ठिकाणी. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून सगळं एकदम पेस्ट केलं, तर हिस्टरीत लेख एका फटक्यात उगवलेला दिसतो आणि संशय उलट वाढतो. फाइल डाउनलोड करून पाठवली तर हिस्टरी सोबत जात नाही. लिंक नुसती ‘व्ह्यूअर’ म्हणून दिली तर समोरच्याला ती दिसतच नाही. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवा. आणि क्लायंटच्याच डॉकमध्ये लिहीत असाल, तर वाद झाल्यावर तो तुमचा अ‍ॅक्सेस काढून घेऊ शकतो. मग हिस्टरी त्याच्याकडे, तुमच्याकडे काहीच नाही. त्यामुळे लिहायचं आपल्या अकाउंटवर आणि त्याला द्यायची प्रत.