तीन दिवस, तीन कोरे धडे

दहावीच्या विज्ञान भाग १ची पहिली घटक चाचणी गुरुवारी आहे. वीस गुण, एक तास आणि पोर्शनला पहिले चार धडे: गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, विद्युतधारेचे परिणाम. आज सोमवार. पहिला धडा वर्गात नीट ऐकलेला आहे, पुढचे तीन मात्र उघडूनही पाहिलेले नाहीत. शाळा, क्लास आणि जेवण वजा केलं तर रोज साडेतीन तास उरतात, म्हणजे गुरुवारपर्यंत जेमतेम साडेदहा तास. असं एखादं पोर पुष्कळ घरांत सापडेल.

अशा वेळी मुलं पहिल्या धड्याच्या पहिल्या ओळीपासून वाचायला बसतात. हातात पिवळा हायलायटर असतो आणि रात्री दहापर्यंत दीड धडा रंगून निघतो. दुसऱ्या दिवशी तीच पानं पुन्हा वाचताना ओळखीची वाटतात, त्यामुळे येत असल्याचा भास होतो. पण पेपरात ओळखायचं नसतं, आठवून लिहायचं असतं.

या दोहोंतलं अंतर अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजलं. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे मुलांनी पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेलंच जास्त आठवत होतं, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं. आठवून लिहिलेलं ६८ टक्के शिल्लक होतं, नुसतं पुन्हा वाचलेलं ५४. आपली चाचणीही सोमवारपासून तीनच दिवसांवर आहे, म्हणून हे आकडे आपल्या उपयोगाचे. तोंडातल्या तोंडात पुटपुटत वाचलेला धडा त्याच रात्री पक्का वाटेल आणि गुरुवारी दगा देईल.

म्हणून कोरा धडा शेवटून उघडायचा. आधी स्वाध्याय वाचायचा आणि त्यातलं काय विचारता येईल ते पाहायचं: व्याख्या, शास्त्रीय कारण, आकृती की उदाहरण? मग मागे जाऊन तेवढाच भाग वाचायचा. पुस्तक मिटायचं, उत्तर कच्च्या वहीत लिहायचं आणि पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करायचं. ही लाल पेनाची पानं सांभाळून ठेवा, बुधवारी लागतील. शास्त्रज्ञांच्या परिचयाच्या चौकटी आणि ‘हे नेहमी लक्षात ठेवा’ सोडून बाकीच्या रंगीत पट्ट्या पहिल्या फेरीत खुशाल गाळाव्यात.

धड्यांचा क्रमही पुस्तकातला नको. ज्या धड्याला हाताचा सराव लागतो तो आधी, म्हणजे त्याला मध्ये दोन रात्री मिळतात. त्या हिशेबाने सोमवारी रासायनिक अभिक्रिया. अभिक्रियांचे चार प्रकार (संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन) प्रत्येकी एका समीकरणासह अर्ध्या तासात होतात. खरा वेळ समीकरण संतुलित करण्यात जातो, आणि जाऊ द्यावा. हे एक बघा:

NaOH + H₂SO₄ → Na₂SO₄ + H₂O

उजवीकडे सोडियमचे दोन अणू आहेत, डावीकडे एक. म्हणून डावीकडे 2NaOH. आता हायड्रोजन मोजा: डावीकडे दोन अधिक दोन, चार. उजवीकडे दोनच. तेव्हा 2H₂O. ऑक्सिजन शेवटी मोजायचा. दोन्हीकडे सहा येतात आणि समीकरण सुटतं. नवशिक्या मुलांची चूक ठरलेली असते. ती रेणूसूत्राच्या आत हात घालतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होण्याचं समीकरण जुळेना, की H₂O ऐवजी H₂O₂ लिहून मोकळी होतात. अणूंचा हिशेब जुळतो, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं. आकडा फक्त सूत्राच्या आधी लिहायचा, पोटात नाही. अशी दहा समीकरणं न बघता सुटली की धडा हातात आला समजा. क्षरण आणि खवटपणा झोपण्यापूर्वी वाचून, आठवून लिहावेत.

मंगळवार सगळ्यांत जड, कारण विद्युतधारेचा धडा मोठा आहे. तो पूर्ण होणार नाही हे आधीच मान्य करावं आणि काय सोडायचं ते आपणच ठरवावं. मी विद्युत चलित्र पूर्ण करायला सांगेन: आकृती, भागांची नावं, कार्य. विद्युत जनित्राची फक्त आकृती आणि दोघांतला मुख्य फरक, की चलित्र विद्युत ऊर्जेची यांत्रिक ऊर्जा करतं आणि जनित्र उलट. आकृती तीनदा पाहण्यापेक्षा एकदा न पाहता काढावी. कुठला भाग विसरतो ते लगेच कळतं. फ्लेमिंगच्या नियमांत डावा हात चलित्राचा, उजवा जनित्राचा. यात गोंधळ होण्याचं कारण गमतीचं आहे: पेपर लिहिताना उजव्या हातात पेन असतो, म्हणून मुलं दोन्ही प्रश्नांना मोकळा डावाच हात वापरतात. पेन खाली ठेवायची सवय घरीच लावून घ्यावी. उरलेल्या तासात आवर्ती वर्गीकरण. तिथे डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह आणि मोझली यांनी काय केलं आणि पहिल्या तिघांचं कुठे अडलं, एवढा धागा धरला तर धडा गोष्टीसारखा लक्षात राहतो. आवर्तात डावीकडून उजवीकडे अणूचं आकारमान कमी होतं आणि गणात वरून खाली वाढतं. याचं कारण लिहिता आलं पाहिजे, नुसतं विधान नको.

बुधवारी नवं काही घ्यायचं नाही. इथेच मोह होतो. राहिलेलं जनित्र खुणावत असतं. पण आधी गुरुत्वाकर्षणाची उदाहरणं सोडवा, कारण वर्गात ऐकलेला धडा येतो असं गृहीत धरलं जातं. स्वाध्यायाच्या धर्तीवरचं एक घेऊ: एका ग्रहावर ५ मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू ५ सेकंदांत जमिनीवर येते, तर तिथे g किती? वस्तू नुसती सोडली, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. s = ½gt², म्हणून 5 = ½ × g × 25, आणि g = 0.4 m/s². सवयीने 9.8 घालणाऱ्यांचं इथेच फसतं. तो आकडा पृथ्वीचा आहे. एकक लिहायला विसरू नये.

मग घड्याळ लावून एक तासाचा पेपर. शाळेची जुनी चाचणी मिळाली तर उत्तम, नाहीतर स्वाध्यायांतून वीस गुणांचे प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी निवडायला सांगा. स्वतः निवडले तर येणारेच निवडले जातात. तपासल्यावर लाल पेनाची पानं काढा आणि ज्या जागी दोनदा चूक झाली तेवढ्याच पुन्हा लिहा. दहाच्या आत झोपा. जागून मिळवलेला एक तास पेपरात आकडेमोडीच्या चुकांनी परत जातो.

या पद्धतीला मर्यादा आहे. पेपर शाळेतच काढतात, त्यामुळे सरांनी नेमकं जनित्रच पाच गुणांना विचारलं तर ते गुण गेले. अशा वेळी ‘कोणताही एक’ हा पर्याय पहिल्यांदा वाचा. आणि गाळलेल्या भागाची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, कारण प्रथम सत्र परीक्षेला हेच चार धडे पुढच्या धड्यांसह पुन्हा येतात.