आपल्या वायफायवर नक्की कोण कोण आहे?

चौघांचं घर. चार मोबाइल, एक लॅपटॉप, एक टीव्ही. इंटरनेट मंदावलं म्हणून घरच्यांनी ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं (काही राउटरांना 192.168.0.1 लागतं, नेमका आकडा राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो), तर यादीत नऊ नावं! तीन पाहुणे कोण?

आधी यादी कुठली, ते पाहायला हवं. DHCP Clients या यादीत राउटरने ज्यांना ज्यांना पत्ता दिला ते सगळे दिसतात. हा पत्ता बहुधा चोवीस तासांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे काल येऊन गेलेल्या भाच्याचा फोनही तिथे आज दिसतो. या क्षणी कोण जोडलेलं आहे, ते Wireless Clients किंवा Connected Devices अशा नावाच्या यादीत कळतं. तिथे पाहिल्यावर नवांचे आठ झाले.

उरले दोन. एकाचं नाव होतं ESP_3FA21C. नाव भीतीदायक, पण शेजारचा मॅक पत्ता 5C:CF:7F ने सुरू होत होता. मॅक पत्त्याची पहिली सहा अक्षरं उत्पादकाची असतात आणि ही ‘एस्प्रेसिफ’ या शांघायच्या चिप-कंपनीची आहेत. स्वस्त स्मार्ट दिवे आणि प्लग यांत तिच्या चिपा सर्रास असतात. घरातला गीझरचा स्मार्ट प्लग काढला आणि यादी ताजी केली, तसं थोड्या वेळाने नाव गायब झालं.

दुसऱ्याला नावच नव्हतं. पत्ता DA:4C:1E… असा, आणि उत्पादक कुठेच सापडेना. खरी मेख इथे आहे. पत्त्याचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, तर तो पत्ता बहुतेक वेळा फोनने स्वतःच बनवलेला असतो. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपली ओळख लपवायला प्रत्येक वायफायला असा वेगळा पत्ता देतात. त्यामुळे त्यावरून कंपनी ओळखू येत नाही, आणि पत्ता बनावट दिसतो एवढ्यावरून चोर ठरवता येत नाही.

मग उपाय एकच, घरातल्या प्रत्येक फोनचं वायफाय एकेक करून बंद करायचं आणि दर वेळी कोणतं नाव गळतं ते पाहायचं. जुना, कपाटात चार्जिंगला लावलेला टॅब्लेट हमखास विसरला जातो. इथे तोच निघाला.

सगळी उपकरणं बंद करूनही एखादं नाव यादीत टिकलं, तर त्याचा मॅक पत्ता ‘ब्लॉक’ करण्यात फारसा अर्थ नाही, कारण पत्ता बदलून तोच फोन पुन्हा आत येतो. वायफायचा पासवर्ड बदला, सुरक्षा WPA2 किंवा WPA3 ठेवा, WPS बंद करा आणि राउटरच्या पानाचा मूळ पासवर्डही बदलून टाका. त्यानंतर गीझरचा प्लग मात्र नव्याने जोडावा लागेल.