भुलीचा शोध

पूर्वी भूल नव्हती. ऑपरेशनच्या वेळी चार माणसं रोग्याला घट्ट धरायची आणि डॉक्टर भराभर कापायचे. पोटाचं ऑपरेशन तर सहसा करतच नसत, कारण रोगी ओरडला की पोट दगडासारखं कडक होतं.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात मॉर्टन नावाच्या दातांच्या डॉक्टरने एका रोग्याला ईथरची वाफ हुंगवली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच्या मानेची गाठ कापली. तो ओरडला नाही! पुढच्याच वर्षी सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मने भूल दिली.

आता आपल्या पुण्याची गोष्ट ऐका. १९२४ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या पोटातलं अपेंडिक्स सुजलं. १२ जानेवारीच्या रात्री ससून हॉस्पिटलात क्लोरोफॉर्म देऊन कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन सुरू केले. मध्येच वीज गेली. शेवटी कंदिलाच्या उजेडात ते पुरे केले. गांधीजी भुलीत होते, म्हणून डॉक्टरांना घाई करावी लागली नाही.

पण भूल जास्त झाली तर श्वास थांबतो. क्लोरोफॉर्मने कधीकधी हृदयच बंद पडे, म्हणून आता तो वापरत नाहीत. भूल देणारे डॉक्टर सारखे रोग्याचा श्वास आणि नाडी बघत असतात.

भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते व जीव धोक्यात येतो. म्हणून ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात. आपलं माणूस कल्याणला किंवा ठाण्याला ऑपरेशनला नेलं, तर मायेपोटी त्याला गुपचूप चहा-बिस्कीट देऊ नका. चुकून दिलंच, तर डॉक्टरांना लगेच सांगा.