रजेच्या अर्जात किती सांगावे?

मनाच्या आजारासाठी रजा मागताना लेखणी अडखळते. जळगाव-धुळ्याकडे कार्यालयातला सहकारी अनेकदा शेजारी किंवा नातलगही असतो. म्हणून काही जण ‘टायफॉइड झाला आहे’ असे लिहून मोकळे होतात. पुढे अर्जातील कारण आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जुळत नाही. मग आजार बाजूला राहतो आणि खोट्या माहितीबद्दल खुलासा द्यावा लागतो.

खरे सांगणे आणि सारे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, शिरपूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षिकेस मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी 15 दिवसांची विश्रांती सांगितली आहे. तिचा अर्ज असा असू शकेल:

‘माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू असून डॉक्टरांनी मला 15 दिवस पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला आहे. दिनांक … ते … या कालावधीची परिवर्तित रजा मंजूर व्हावी, ही विनंती. वैद्यकीय प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात सोबत जोडले आहे. वर्गाचे पाठनियोजन मुख्याध्यापकांकडे दिले आहे.’

यात एकही शब्द खोटा नाही आणि आजाराचे नावही नाही. ‘घरगुती अडचण’ असे लिहिले असते, तर वैद्यकीय कारणावरील रजेचा आधारच निघून गेला असता. परिवर्तित रजा पूर्ण वेतनी असते. मात्र 15 दिवसांसाठी अर्धवेतनी रजेच्या खात्यातून 30 दिवस वजा होतात. तेवढी शिल्लक आहे ना, हे सेवापुस्तकात आधी पाहावे.

गुपित बहुधा अर्जातून नव्हे, प्रमाणपत्रातून फुटते. डॉक्टरांच्या छापील कागदावरच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असे असते आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात आजाराचे स्वरूप लिहावे लागू शकते. ते बदलून मागू नये. लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असे लिहून तो रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. औषधांची चिठ्ठी आणि तपासणीचे कागद मात्र जोडू नयेत. त्यांतून गरजेपेक्षा अधिक कळते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. हे बंधन डॉक्टरांवर आहे. आपण स्वतः सहकाऱ्याला सांगितलेली गोष्ट ते झाकू शकत नाही. म्हणून कोणी विचारलेच, तर अर्जातलेच वाक्य सांगावे: ‘उपचार सुरू आहेत, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.’ घरच्यांनाही हेच उत्तर सांगून ठेवावे. दोन उत्तरे निघाली की कुतूहल वाढते.

रुजू होताना प्रकृती सुधारल्याचे प्रमाणपत्र लागते. ते त्याच डॉक्टरांकडून घ्यावे आणि तसेच बंद लिफाफ्यात द्यावे. अर्ज लिहिण्याइतकेही बळ नसेल, तर 14416 या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर आधी बोलावे.