टोपीखालचा आंबाडा

पोळीभाजी केंद्रात किंवा मेसच्या स्वयंपाकघरात कमरेपर्यंत केस असलेली बाई टोपी घालूनच उभी असते. तरीही आमटीत केस निघतो. याचं कारण बहुतेकदा टोपीखाली, केस बांधण्याच्या पद्धतीत असतं.

माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. लांब केसांत ते लगेच खाली पडत नाहीत, वेणीतच अडकून राहतात आणि धक्का लागला की सुटतात. म्हणून कामावर येण्याआधी, स्वयंपाकघराबाहेर, मान पुढे झुकवून टोकांकडून मुळांकडे केस विंचरायचे आणि निघालेला गुंतवळ तिथेच कचऱ्यात टाकायचा. केस पूर्ण वाळलेले हवेत. ओल्या केसांवर टोपी घातली की डोकं खाजतं आणि हात वर जातो.

मग मानेलगत, खालच्या बाजूला, तीनपेडी वेणी घालून टोकाला कापडी रबर लावायचं. वेणी चपटी गुंडाळून टोक आत खोचायचं आणि आंबाड्याभोवती आणखी एक रबर घ्यायचं. आकडे आणि क्लिपा नकोत, कारण त्या निसटून कणकेत पडल्या तर कळतही नाही. गजराही घरीच ठेवावा.

आंबाडा डोक्याच्या मधोमध उंच बांधला, तर टोपी त्यावर तंबूसारखी उभी राहते आणि वाकलं की पुढची कड वर सरकते. केस फार दाट असतील, तर एकाच मोठ्या आंबाड्याऐवजी दोन वेण्या घालाव्यात आणि मानेवर एकमेकींवरून आडव्या वळवून बसवाव्यात. दुपारपर्यंत कानशिलाजवळ बटा दिसू लागल्या, तर बांधणी चुकली असं खुशाल समजावं.

सैल विणीच्या जाळीतून सुटा केस सहज बाहेर येतो. न विणलेल्या कापडाची, इलॅस्टिकची टोपी जास्त भरवशाची. ती कपाळावरून मागे ओढावी, दोन्ही कान आणि आंबाडा आत घ्यावा आणि शेवटी आरशात पाहावं. ॲप्रन त्यानंतरच चढवावा, म्हणजे टोपी घालताना सुटलेले केस त्यावर राहत नाहीत. उतरवताना क्रम उलटा: आधी ॲप्रन, मग टोपी.

मला केसाइतकीच काळजी बट सारणाऱ्या हाताची वाटते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू पुष्कळ माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. तो हातावरून शिजलेल्या अन्नात गेला आणि ते तासन् तास गरम हवेत राहिलं, तर तो वाढून विष तयार करतो. पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतो, पण विष टिकू शकतं. म्हणून टोपी सरकली तर स्वयंपाकघराबाहेर जाऊन ती नीट करावी आणि साबणाने हात धुऊनच पुन्हा कणकेला हात लावावा.