सबटायटलची भाषा ठरवताना: देश म्हणजे भाषा नव्हे



सातारा-सांगलीकडच्या विहारांतली वंदना, धम्मदेसना आणि भीमगीतं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणारे अनेक तरुण आज आपल्यात आहेत. चॅनल थोडं वाढलं की प्रश्न येतो : सबटायटल कोणत्या भाषेत द्यायची? आकडेवारीत दुबई, श्रीलंका, अमेरिका दिसली की आपण हुरळतो आणि भाषांची यादी करू लागतो. इथेच चूक होते.

आधी आकडे कुठे पाहायचे ते बघू. YouTube Studio मध्ये Analytics उघडून Advanced mode मध्ये गेलं की Geography, Cities, Viewer age आणि Subtitles and CC असे वेगवेगळे तक्ते मिळतात. मुदत २८ दिवसांची ठेवू नका, ३६५ दिवसांची ठेवा. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या आसपास आपल्याकडे पाहणाऱ्यांची लाट येते. तेवढ्याच आकड्यांवरून वर्षभराचा प्रेक्षक ओळखता येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. आठ मिनिटांचा एक व्हिडिओ आहे, त्यात पाली गाथा आणि मग मराठीत अर्थ. Geography मध्ये नुसते व्ह्यूज न पाहता शेजारचा Average view duration हा रकाना पाहा. समजा भारतात लोक सरासरी चार मिनिटं थांबतात, अमिरातीतही जवळपास तेवढेच, पण श्रीलंकेत फक्त पन्नास सेकंद. अमिरातीतला प्रेक्षक एवढा थांबतो म्हणजे त्याला मराठी कळत असावी. तो बहुधा नोकरीसाठी गेलेला आपलाच माणूस आहे, त्याला अरबी सबटायटल नकोत. श्रीलंकेतला प्रेक्षक गाथा शोधत आला असावा आणि मराठी सुरू होताच निघून गेला असावा. त्याचा थोडा अंदाज त्या व्हिडिओच्या आलेखातून येतो : मराठी अर्थ सुरू होतो त्याच जागी रेषा कोसळली, तर अडचण भाषेची असावी. ती पहिल्या दहा सेकंदांतच कोसळली, तर प्रेक्षक चुकून आला असावा.

देशाच्या आतही हेच. आपल्या सांगलीच्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी कुटुंबं आहेत आणि पलीकडे बेळगावात मराठी बोलणारी. म्हणून कर्नाटकातली शहरं दिसली की लगेच कन्नड ठरवू नका. Cities मध्ये बेळगाव दिसलं तर मराठी पुरेल अशी शक्यता मोठी, कलबुर्गी किंवा बंगळुरू वाढत असेल तर कन्नडचा विचार करा.

वयाच्या तक्त्याची मर्यादा वेगळी आहे. तो लॉगिन केलेल्या खात्यांवरून बनतो आणि १३ वर्षांपासून सुरू होतो. नातवाच्या फोनवर आजी वंदना ऐकते तेव्हा नोंद नातवाची होते. अमेरिकेत वाढणारी लहान मुलं आईवडिलांच्या फोनवर पाहतात, ती या तक्त्यात येतच नाहीत. पण त्या देशात ३५ ते ४४ वयाचे प्रेक्षक बरेच असतील तर घरात मुलं असण्याची शक्यता धरा. त्यांना मराठी ऐकून कळते, देवनागरी वाचता येईलच असं नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी अर्थ उपयोगाचा.

सर्वात फसवा तक्ता Subtitles and CC चा. पाहताना लोकांनी कोणती सबटायटल चालू केली ते तो सांगतो. जी भाषा आपण दिलीच नाही, तिची मागणी त्यात नीट दिसणार नाही. गीताचे शब्द व्हिडिओतच छापलेले असतील तर लोक सबटायटल चालूच करत नाहीत, म्हणून तिथला शून्य म्हणजे गरज नाही असा अर्थ नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मराठी सबटायटल स्वतः टाईप करा. ढोलकी-हार्मोनियममध्ये आपोआप उमटणारे शब्द हमखास चुकतात. शिवाय या मराठी फाईलच्या वेळा पुढच्या प्रत्येक भाषेला कामी येतात. मग एकच दुसरी भाषा निवडा, दहा व्हिडिओंना द्या, शीर्षक आणि वर्णनही त्या भाषेत भरा, कारण शोधणारा आधी शीर्षक वाचतो. तीन महिन्यांनी त्याच देशातला किंवा शहरातला थांबण्याचा वेळ पुन्हा बघा. वाढला नाही तर ती भाषा थांबवा.

आणि ज्या भाषेचं तपासणारं माणूस आपल्याकडे नाही, ती भाषा आकडे कितीही सांगोत, घेऊ नका. आपोआप झालेल्या अनुवादात 'धम्म'चा 'धर्म' होतो, 'वंदना'ची 'प्रार्थना' होते. धम्म म्हणजे रिलिजन नव्हे, हे बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये मुद्दाम वेगळं करून सांगितलं. तो फरक सबटायटलमध्ये पुसला गेला, तर नव्या प्रेक्षकापर्यंत आपण बाबासाहेबांच्या नेमकं उलट पोहोचवू.

नमो बुद्धाय, जयभीम!