रोजची नव्वद आणि तीस वर्षांनंतरचा मेंदू

दारूने मेंदू खराब होतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गटाराकाठी पडलेला माणूस येतो. रोज वेळेवर ऑफिसला जाणारा, हप्ते भरणारा, कधीही तोल न गेलेला आणि रात्री जेवणाआधी शांतपणे दोन पेग घेणारा माणूस आपण त्या चित्रात बसवत नाही. मेंदूच्या संशोधनाने गेल्या काही वर्षांत जे दाखवलं, ते मात्र मुख्यतः याच माणसाबद्दल आहे.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. ३५ ते ५५ वयाचे दहा हजारांहून अधिक कारकून आणि अधिकारी त्यात होते. दर काही वर्षांनी त्यांची तपासणी व्हायची आणि आठवड्याला किती दारू पिता, हे विचारलं जायचं. म्हाताऱ्या माणसाला ‘तरुणपणी किती प्यायचात?’ असं विचारून मिळणारं उत्तर भरवशाचं नसतं. इथे ते त्या-त्या वर्षीच लिहून ठेवलेलं होतं. पुढे ऑक्सफर्डच्या अन्या तोपीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या ५५० जणांच्या मेंदूचा एमआरआय काढला आणि तीस वर्षांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला. यातला कोणीही दारूच्या आहारी गेलेला नव्हता.

२०१७ साली आलेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. आठवड्याला ३० युनिटपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला असण्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या जवळजवळ सहापट निघाली. १४ ते २१ युनिट पिणाऱ्यांमध्येही, विशेषतः उजव्या बाजूला, ती तिपटीहून जास्त होती. हिप्पोकॅम्पस हा कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोलवर असलेला छोटासा भाग. सकाळी काय खाल्लं, किल्ली कुठे ठेवली, अशा नव्या आठवणी तयार करण्याचं काम त्याचं. अल्झायमरमध्येही सुरुवातीलाच मार बसतो तो यालाच. थोडी दारू मेंदूला चांगली असते, या लाडक्या समजुतीला या अभ्यासात आधार मिळाला नाही.

आता युनिट म्हणजे किती? ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, जवळजवळ पावणेआठ युनिट. पंचेचाळिशीचा एक गृहस्थ धरा. तो सोमवार ते शुक्रवार आणि रविवारी रोज नव्वद घेतो, आणि शनिवारी मित्रांबरोबर क्वार्टर संपवतो. नव्वदचे सहा दिवस मिळून साधारण २३ युनिट झाले, शनिवारचे पावणेआठ. बेरीज ३१ च्या आसपास. आपल्या समाजात या माणसाला कोणी दारुडा म्हणणार नाही, ‘लिमिटमध्ये घेतो’ असंच म्हणतील. पण व्हाइटहॉलच्या तक्त्यात तो सगळ्यात वरच्या गटात बसतो. ब्रिटनने २०१६ पासून सांगितलेली मर्यादा आठवड्याला १४ युनिट आहे, म्हणजे जेमतेम पावणेदोन क्वार्टर.

मेंदू आकसतो म्हणजे नेमकं काय होतं? पेशी धडाधड मरतात असा समज आहे, तो अर्धाच खरा. सिडनीच्या क्लाइव्ह हार्पर आणि जिलियन क्रिल यांनी दारू पिणाऱ्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. कपाळामागच्या भागात पेशी खरंच कमी झालेल्या होत्या, पण मोठी घट होती पांढऱ्या भागात. पेशींना एकमेकींशी जोडणारे तंतू इथून जातात आणि वायरीवर प्लॅस्टिक असावं तसं त्यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं. वेष्टण विरळ झालं की निरोप रेंगाळतो. म्हणून अशा माणसाची आठवण जाण्याआधी बऱ्याचदा आखणी बिघडते. बँकेचं काम अर्धवट राहतं, निर्णय उतावीळ होतात, स्वभाव चिडका होतो. लहान मेंदूही झिजत असेल तर न पिताही पाय फाकवून, अडखळत चालणं सुरू होतं. घरचे म्हणतात, वय झालं.

दुसरी वाट जीवनसत्त्व ब-१ची, म्हणजे थायमिनची. पिणाऱ्याचं जेवण तुटतं आणि जे पोटात जातं त्यातलं थायमिनही दारूमुळे नीट शोषलं जात नाही. शरीरातला साठा काही आठवडेच पुरतो. तो संपला की गोंधळ, डोळ्यांची वेडीवाकडी हालचाल आणि झोकांड्या अशी अवस्था येते. तिला वेर्निकेचा आजार म्हणतात. तिन्ही लक्षणं एकाच वेळी दिसतीलच असं नाही, आणि ‘प्यायलेला आहे’ म्हणून ती सहज दुर्लक्षली जातात. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलासुरला साठाही त्या साखरेच्या पचनात खर्ची पडू शकतो. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. वेळ टळली तर कोर्साकॉफची अवस्था उरते. नवं काही लक्षात राहत नाही आणि आठवणीतली रिकामी जागा माणूस कल्पनेने, पण अगदी प्रामाणिकपणे भरून काढतो. नातेवाइकांना ते खोटं बोलणं वाटतं आणि भांडणं होतात, याचं फार वाईट वाटतं.

व्हाइटहॉलच्याच नऊ हजारांवर लोकांचा सरासरी २३ वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ साली आणखी एक हिशेब निघाला. १४ युनिटच्या पुढे दर सात युनिटांमागे डिमेन्शियाचा धोका १७ टक्क्यांनी वाढत होता. आपल्या ३१ युनिटवाल्या गृहस्थाचा धोका त्या हिशेबाने साधारण दीडपटीच्या जवळ जातो. त्याला डिमेन्शिया होणारच असा याचा अर्थ नाही. याच अभ्यासात अजिबात न पिणाऱ्यांमध्येही धोका थोडा जास्त दिसला, त्याचं काही अंशी कारण त्यांच्यातले मधुमेह आणि हृदयविकार हे होतं. निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासाची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पण जास्त पिणाऱ्यांबाबत चित्र एकाच दिशेचं आहे. फ्रान्समधल्या रुग्णालयांच्या २००८ ते २०१३ च्या नोंदींत ६५ वर्षांआधी डिमेन्शिया झालेले ५७ हजारांहून अधिक रुग्ण सापडले, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांमागे अतिरेकी दारूचा इतिहास होता.

या डिमेन्शियात अल्झायमरपेक्षा वेगळी अशी एक गोष्ट आहे. दारू पूर्ण थांबली तर तो बऱ्याचदा तिथेच थबकतो, कधी थोडा मागेही सरतो. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत पांढरा भाग पुन्हा काहीसा भरून येतो, हे एमआरआयवर दिसतं. गेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. म्हणूनच निदानाच्या एका प्रचलित निकषानुसार शेवटच्या घोटानंतर निदान ६० दिवस थांबून मगच स्मरणशक्ती तपासतात. त्याआधी जे दिसतं त्यातलं किती नशेचं, किती दारू तुटल्याचं आणि किती कायमचं, हे वेगळं काढता येत नाही. आणि वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करणं जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येते, भास होतात, म्हणून हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. सत्तरीच्या वडिलांना विसराळूपणासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना ‘आता पीत नाहीत’ एवढंच सांगून घरचे गप्प बसतात. चाळिशी-पन्नाशीत आठवड्याला किती क्वार्टर होत होत्या, हेही त्या केसपेपरवर यायला हवं.